‘शोधेल त्याने हवं ते नाव ठेवावं’ असं काही नसतं!

सकाळपासून तो फॉरवर्ड तीन ग्रुपवर आला. म्हणे नवं मूलद्रव्य शोधणारा शास्त्रज्ञ त्याला स्वतःच्या आईचंसुद्धा नाव देऊ शकतो. अहो, नाही देऊ शकत! निदान पुढे ढकलण्याआधी ११३ व्या मूलद्रव्याची गोष्ट तरी वाचा.

जपानच्या रिकेन संस्थेत मोरिता यांच्या गटाने बिस्मथवर जस्ताच्या अणुकेंद्रांचा मारा केला. २००४ ते २०१२ या काळात हाती लागले मोजून तीन अणू, तेही क्षणात विघटन पावणारे. तोवर नाव काय? तर अनअनट्रायम, संज्ञा Uut. एक-एक-तीन हे अंकच जोडून केलेलं तात्पुरतं नाव. शोधाचं श्रेय कोणाचं हे रसायन आणि भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघांनी ठरवलं, ते २०१५ च्या अखेरीस. त्यानंतरच नाव सुचवायचा हक्क मिळाला. सुचवायचा, ठेवायचा नव्हे!

नाव पुराणकथेतलं किंवा आकाशस्थ वस्तूचं, खनिजाचं, ठिकाणाचं, मूलद्रव्याच्या गुणधर्मावरून किंवा शास्त्रज्ञाचं, एवढ्यातूनच निवडायचं. शेवटही ठरलेला: आवर्तसारणीच्या सतराव्या गणात म्हणजे उभ्या स्तंभात ‘-ईन’, अठराव्यात ‘-ऑन’, बाकी सगळीकडे ‘-इयम’.

मग जपानच्या ‘निप्पोन’ या नावावरून सरळ निप्पोनियम का नाही? कारण ते नाव खर्ची पडलं होतं. १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ ओगावा मासाताका यांनी ४३ वं मूलद्रव्य सापडल्याचं जाहीर करून त्याला निप्पोनियम म्हटलं, संज्ञा Np. दावा टिकला नाही. आणि एकदा एका मूलद्रव्यासाठी वापरून सोडलेलं नाव दुसऱ्याला देता येत नाही. Np तर पुढे नेपच्युनियमने घेतली.

म्हणून निहोनियम, कारण ‘निहोन’ हेही जपानचंच नाव. आता संज्ञा बघा. Ni निकेलची, No नोबेलियमची. Nh मोकळी होती, ती घेतली. जून २०१६ मध्ये प्रस्ताव जाहीर झाला, पाच महिने जगभरातून हरकती मागवल्या आणि २८ नोव्हेंबरला मंजुरी मिळाली.

नियम निष्ठुर आहे, मान्य. ओगावांबद्दल तर जीव तुटतो. त्यांच्या नोंदी नंतर तपासल्या तेव्हा दिसलं की त्यांच्या हाती बहुधा ७५ वं, म्हणजे आजचं ऱ्हेनियम आलं होतं. मूलद्रव्य खरं होतं, चौकट चुकली. तरीही नियम हवाच. हानियम हे नाव अमेरिकी शोधनिबंधांत १०५ साठी होतं आणि १९९४ च्या प्रस्तावात १०८ साठी! जुना निबंध उघडणाऱ्याने काय समजायचं? अखेर १९९७ मध्ये १०५ ला डब्नियम आणि १०८ ला हॅसियम ठरलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान यांच्या नावाची वाट त्या गोंधळात कायमची बंद झाली.

११९ वं कोणी बनवलंच, तर ते पहिल्या गणात बसेल, म्हणून ‘-इयम’ लागणार. तोवर त्याची संज्ञा Uue. फॉरवर्डवाल्यांनी आधी हे खोडून काढावं, मग आईचं नाव सुचवावं.