चिप आधी, लस नंतर

“कुत्रा युरोपात न्यायचाय? एजंटला पैसे घालू नका. रेबीजची लस टोचा, २१ दिवस थांबा. चिप जायच्या आठवड्यात बसवली तरी चालते. विमानात देताना झोपेची गोळी द्या. सर्वांना पाठवा.”

माझ्या कोथरूडच्या चुलतबहिणीने हा मेसेज पाठवून खाली लिहिलं, “बघ, सोपंय की!” जूनअखेर ती म्युनिकला चालली आहे, ब्रुनोला घेऊन. तिकीट काढून झालंय. म्हणून राग येतो.

सगळ्यात घातक वाक्य चिपचं आहे, म्हणजे ओळख पटावी म्हणून कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या चिपचं. युरोपीय संघाचा नियम सरळ सांगतो, की चिपच्या तारखेच्या आधी दिलेली रेबीजची लस धरली जात नाही. कारण उघड आहे: टोचलेला कुत्रा हाच, हे फक्त चिपच्या १५ आकडी नंबरवरून सिद्ध होतं. ब्रुनोचं लसीचं पुस्तक मी पाहिलं. जानेवारीच्या पानावर बाटलीवरचं स्टिकर आहे, डॉक्टरांची सही आहे आणि चिपची जागा कोरी. ती लस त्याचं रेबीजपासून रक्षण करते, पण म्युनिकच्या विमानतळावर तिला किंमत नाही.

२१ दिवसांची गोष्ट खरी आहे, हे मान्य करतो, पण ती युरोपीय संघाच्या यादीतल्या जपान-ऑस्ट्रेलियासारख्या देशांसाठी. भारत त्या यादीत नाही. आपल्याला लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. त्यात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त हव्यात. आणि रिपोर्ट चांगला आला तरी रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचंच.

आता ब्रुनोचा हिशेब मांडू. २ जूनला चिप, लगेच त्यानंतर लस. रक्त लवकरात लवकर २ जुलैला. म्हणजे प्रवास २ ऑक्टोबरनंतर. एक महिना नाही, चार. तोवर लसीची मुदत संपू द्यायची नाही. मुदतीत बूस्टर दिला तर रक्ततपासणी पुन्हा लागत नाही. एक दिवस जरी चुकला तरी सगळं पहिल्यापासून.

कागद अपुरे निघाले तर कुत्र्याला परत पाठवतात किंवा मालकाच्या खर्चाने वेगळं ठेवतात. दोन्ही शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून मारण्याचीही तरतूद त्याच नियमात आहे. असा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

झोपेची गोळी तर नकोच. तिने रक्तदाब उतरतो, पिंजऱ्यात तोल सांभाळता येत नाही, आणि गुंगीत दिसलेला कुत्रा बहुतेक विमान कंपन्या घेत नाहीत. त्यापेक्षा पिंजरा आत्ताच आणून घरात उघडा ठेवा, तो त्यात झोपायला लागू दे. त्यात त्याला नीट उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे.

सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र मात्र शेवटी काढायचं, कारण युरोपात पोचेपर्यंत ते १० दिवसच चालतं.

बहिणीने तिकीट एकटीचं ठेवलंय. ब्रुनो ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे राहील. ती त्याला न्यायला परत येणार आहे.