दोन जुड्या मेथीची मैत्रीण

माझ्या मैत्रिणीचा फोन किती वेळ चालला, हे मी मिनिटांत सांगत नाही, जुड्यांत सांगते. तिचा दिवस बरा गेला असेल तर मेथीची एक जुडी निवडून होते, ऑफिसात काही घडले असेल तर दोन, आणि ऑफिस व सासूबाई एकाच दिवशी उगवल्या तर दोन जुड्या मेथी, पाव किलो गवार आणि आठवडाभर पुरेल इतका सोललेला लसूण. आमच्या भाजीवाल्या मावशींची समजूत अशी आहे की, माझ्या घरी पाहुण्यांचा सतत राबता असतो. घरात आम्ही दोनच माणसे आहोत आणि त्यांपैकी एकाला मेथी आवडत नाही, हे त्यांना सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

फोन रात्री सव्वानऊला येतो. "बिझी आहेस का गं?" असे ती विचारते खरे, परंतु तो प्रश्न नसून नांदी असते, कारण मी 'नाही' म्हणेपर्यंत पडदा वर जाऊन पहिला अंक सुरू झालेला असतो. गेले वर्षभर या रंगभूमीवर जे नाटक सर्वाधिक चालले, त्याचे नाव 'खुर्ची'. तिच्या ऑफिसात टेबलांची फिरवाफिरवी झाली, तिची खुर्ची खिडकीजवळून उचलून दोन-तीन हात आत सरकवली गेली आणि ती नेमकी एसीच्या झोताखाली आली. घटना एवढीच आहे. मात्र तिच्यात साहेबांचे कुत्सित हसणे, खिडकीची जागा मिळालेल्या सहकारिणीचे 'अय्या, मला माहीतच नव्हतं', आणि आमच्या नायिकेला आलेल्या अकरा शिंका असा ऐवज होता, आणि तो मी पाच महिने ऐकला. शिंका आरंभी तीन होत्या.

मी फार चांगली श्रोता आहे असा माझा गैरसमज होता. प्रत्यक्षात मी फार चांगली मेथी निवडणारी होते, हे मला मनगट मोडल्यावर कळले. गच्चीत कपडे वाळत घालताना ओल्या फरशीवर पाय घसरला, उजवे मनगट मोडले आणि दीड महिन्याचे प्लास्टर गळ्यात आले. त्या रात्री सव्वानऊला फोन आला, तेव्हा वर्षानुवर्षांत प्रथमच मी तिला मधे थांबवून म्हटले, "अगं, माझा हात मोडला."

"अय्यो! कोणता?" ती कळवळून म्हणाली. "पण एक सांगू? तुला निदान सक्तीची विश्रांती तरी मिळाली. आमच्याकडे हात मोडला तरी साहेब म्हणतील, दुसऱ्या हाताने टाईप करा. आजचंच ऐक..."

आणि खुर्ची पुन्हा रंगमंचावर आली. एका हाताने मेथी निवडता येत नाही. त्यामुळे मी तो फोन नुसता ऐकला. पालेभाजीचा आडोसा नसताना, उघड्यावर बसून, सत्तेचाळीस मिनिटे. फोन संपला तेव्हा तिचा आवाज टवटवीत झाला होता आणि मला मात्र दुसरा हातही मोडल्यासारखे वाटत होते.

मदतीला म्हणून माझी भाची त्या दिवसांत घरी राहायला आली होती. ती मानसशास्त्रात एम.ए. करते आणि त्या वयाला साजेल अशा निर्दयपणे निदान करते. हाताने फोन धरता येत नसल्यामुळे तो स्पीकरवर असे आणि तिच्या कानावर सर्व जाई (हे मैत्रिणीला सांगायला हवे होते, ते मी सांगितले नाही, याची टोचणी आहेच). चार्ल्स डर्बर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली लोकांच्या साध्या गप्पांचा अभ्यास करून उत्तरांचे दोन प्रकार सांगितले होते, असे तिने मला समजावले. समोरचा म्हणाला 'माझा हात मोडला', तर एक उत्तर असते 'कसा मोडला?', आणि दुसरे असते 'आमच्याकडे असते तर...'. पहिल्याने बोलण्याचा चेंडू समोरच्याच्या अंगणात राहतो, दुसऱ्याने तो उचलून स्वतःच्या अंगणात आणला जातो. गंमत अशी की, दुसरे उत्तर देणाऱ्याला आपण सहानुभूतीच दाखवत आहोत असे प्रामाणिकपणे वाटत असते. म्हणजे माझी मैत्रीण दुष्ट नव्हती. ती आपल्या परीने माझे सांत्वनच करत होती.

इथवर मला व्याख्यान आवडले. पुढे भाची म्हणाली, "पण मावशी, यातला अर्धा उद्योग तुझा आहे."

तिने मला अमांडा रोझ या संशोधिकेविषयी सांगितले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात, ज्या शाळकरी मैत्रिणी एकमेकींच्या अडचणींवर पुन्हा पुन्हा, तेच तेच बोलत, त्यांची मैत्री अधिक घट्ट असल्याचे दिसले होते. आणि त्यांच्यात उदासी व चिंताही अधिक दिसली होती. गाय एकटी रवंथ करते, माणसे जोडीने करतात. आता माझी भूमिका तपासून पाहा. मी फोनवर काय बोलत होते? "बापरे!" "मग?" "मग साहेब काय म्हणाले?" या तीन वाक्यांतील प्रत्येक वाक्य म्हणजे गोठ्यात टाकलेली ताज्या चाऱ्याची पेंढी होती. कुकरची शिट्टी झाली की वाफ गेली असे आपण मानतो, परंतु खालचा गॅस चालू असेल तर चार मिनिटांनी पुढची शिट्टी होणारच. आणि त्या गॅसचे बटण माझ्या डाव्या, धडधाकट हातात होते.

मी उपायही पुष्कळ सुचवले होते. शाल ने, एसीचे पाते वळवून घे, जागेची अदलाबदल माग, साहेबांना लेखी दे. प्रत्येकाला "हो गं, पण..." असे उत्तर येऊन उपाय तिथेच चितपट होई. शालीने गबाळे दिसते, पात्याला शिडी लागते, लेखी दिले तर डोळ्यांवर येते. ज्याला उपाय नको असतो त्याला उपाय दिला की बोलायला नवा विषय मिळतो, इतकेच होते.

फोन टाळण्याचे प्रयोग मी त्याआधीच करून चुकले होते. "दूध उतू चाललंय" असे सांगितले की ती म्हणे, "जा, गॅस बंद करून ये, मी आहे." आठवड्यातून तीनदा दूध उतू गेल्यावर तिने मला मोठे पातेले घ्यायचा सल्ला दिला. (तिने आजवर मला दिलेला हा एकमेव सल्ला, आणि तोही उपयुक्त होता.) शिवाय खोट्या सबबीने जे सुटते ते अपराधीपणाच्या व्याजासह परत येते, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून मी तीन जुड्या ऐकत असे.

प्लास्टर निघाल्यावर मी दोनच गोष्टी बदलल्या. पहिली वेळेची. फोनच्या शेवटी 'आता ठेवते' म्हटले की ते तिला तोडल्यासारखे लागते, म्हणून वेळ आरंभीच सांगायची: "बोल, मला पावणेदहाला उठायचं आहे, तोवर मी पूर्ण तुझी आहे." यातील दुसरा भाग पहिल्याइतकाच खरा असावा लागतो. त्या अर्ध्या तासात मेथी हाती घ्यायची नाही, आणि पावणेदहाला वाक्य अर्धे असले तरी उठायचे. पहिल्या आठवड्यात ती दोनदा रुसली. एकदा पुन्हा फोन करून "एवढं एकच सांगायचं राहिलं" म्हणाली; मी उचलला नाही, सकाळी 'काय राहिलं होतं?' असे विचारले, तर तिला आठवेना.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. 'साहेब काय म्हणाले?' हा प्रश्न मी बंद केला आणि त्याऐवजी एकच विचारू लागले, "मग तू काय करायचं ठरवलं आहेस?" हा प्रश्न प्रथम विचारला तेव्हा पलीकडे इतकी शांतता पसरली की आम्हा दोघींनाही नेटवर्क गेले असे वाटले. "हॅलो? ऐकू येतंय ना?" असे तिने विचारले. नंतर तिला कुकर लावायचा राहिल्याचे आठवले, रात्री साडेनऊ वाजता. पुढच्या खेपेला ती चिडली: "मी काय करणार? माझ्या हातात आहे का काही?" मी गप्प राहिले. बापरे नाही, मग नाही, उपायही नाही. हे गप्प राहणे फार अवघड असते, जिभेला शब्दशः कळ लागते. तिसऱ्या आठवड्यात तिने ऑफिसातील शिपायाला सांगितले, त्याने स्टुलावर चढून एसीचे पाते भिंतीकडे वळवले, आणि पाच महिन्यांचे नाटक एका मिनिटात उतरले. त्या रात्री ती हे सांगताना इतकी खूश होती की पावणेदहा वाजून गेल्याचे मीच विसरले.

मात्र हे घड्याळ सदैव चालवायचे नसते. मधे तिच्या वडिलांना एकाएकी दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हा ती रात्री अकरानंतर दोन तास बोलली आणि मी वेळ पाहिली नाही. फरक ऐकू येतो. त्या बोलण्यात दर वेळी नवे काही होते, ती 'काय करू?' असे विचारत होती आणि उत्तराची वाटही पाहत होती. खुर्चीच्या कथेत फक्त शिंका वाढत होत्या. आणखी एक भीती मी मनाशी ठेवली आहे: कधी बोलण्यातून साहेब, सासूबाई, खुर्ची सारे गळून पडले, झोप उडाली आणि 'जगण्यातच अर्थ नाही' एवढेच उरले, तर ते माझ्या एकटीच्या कानांचे काम नव्हे. त्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मी फोनमध्ये साठवून ठेवला आहे आणि गरज पडली तर तिच्याजवळ बसून लावणार आहे.

सध्याचे नाटक 'उकाडा' हे आहे, कारण पाते भिंतीकडे वळल्यापासून तिच्या टेबलावर वारा येत नाही. प्रयोग अर्ध्या तासाचाच होतो. भाजीवाल्या मावशींनी परवा काळजीने विचारले, "पाहुणे गेले वाटतं?"

माझी पाळी मात्र आपोआप येईना, तेव्हा तीही मी मागून घ्यायला शिकले. "आज आधी मी बोलणार, दहा मिनिटं, नुसतं ऐकायचं," असे म्हटल्यावर ती चकित होऊन "बोल की!" म्हणते. बहुधा तिसऱ्या मिनिटाला निसटते. गेल्या मंगळवारी मात्र, मी काही न मागता, फोन उचलताच ती म्हणाली, "हात कसा आहे गं तुझा? डावा ना?"

हात उजवा होता आणि प्लास्टर निघून तीन महिने झाले होते. तरीही मी सांगू लागले: व्यायामाचा रबरी चेंडू, बरणीचे झाकण फिरवताना येणारी कळ, ओला पंचा पिळता न येणे. ती "हं" म्हणाली, "कळ कुठे येते नेमकी?" असेही तिने विचारले, आणि मग म्हणाली, "आमच्या ऑफिसात एकीचा ना, अस्साच हात..."

मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे झाली होती. भिंतीवरील कॅलेंडरवर, जिथे मी दुधाचे खाडे लिहिते, त्या मंगळवारच्या चौकोनात दुरुस्त झालेल्या हाताने मी '४ मि.' असे लिहून ठेवले.