खालच्यांनी वर बघू नये

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वाळत घातलेल्या कपड्यांचे पाणी व ग्रिलचा गंज खालच्या बाल्कनीत पडत असल्याच्या तक्रारी येत आहेत. तरी योग्य ती काळजी घ्यावी." तुमच्याकडेही लागेलच. लागली की आधी ती दुसऱ्या कोणासाठी आहे हे ठरवून टाका. 'योग्य ती काळजी' म्हणजे कोणती हे कमिटी कधीच लिहीत नाही, त्या कृपेचा पुरेपूर लाभ घ्या.

चादर मशीनच्या ड्रायरमध्ये फिरवण्याचा मोह टाळा. मी बॅग तोलायच्या काट्याला आमची डबलबेडची चादर टांगून पाहिली. कोरडी ८०० ग्रॅम, हाताने पिळलेली १ किलो ९०० ग्रॅम आणि ड्रायरमधून काढलेली सव्वा किलो. म्हणजे ड्रायरच्या नादी लागलात तर साडेसहाशे ग्रॅम पाणी मोरीत वाया जातं. तेच हाताने पिळून ग्रिलबाहेरच्या दांडीवर टाकलं, तर थोडं उडून जातं आणि उरलेल्याचा खालच्या मजल्याला लाभ होतो.

आता गंज. खालच्या काकू तक्रार घेऊन आल्या की त्यांना आत बोलवा, चहा टाका आणि एक स्टीलची वाटी ग्रिलखाली धरा. थेंब पडू द्या. वाटीतलं पाणी बहुधा अगदी नितळ दिसेल. "बघा काकू, कुठंय गंज?" असं विचारायला हीच वेळ. मात्र वाटी लगेच विसळा, तशीच सुकू देऊ नका. लोखंडाचा जो अंश पाण्यात विरघळलेला असतो तो दिसत नाही. तो टाइलवर पडतो, हवा लागते, पाणी उडतं आणि मग तांबूस डाग उमटतो. तोपर्यंत काकू चहा पिऊन घरी गेलेल्या असतात.

काकूंना डागावर ब्लीच टाकायचा सल्ला देऊन ठेवा. हळदीच्या डागाला चालतं, मग गंजाला का नको? ब्लीचने गंज जात नाही, उलट डाग आणखी पक्का होऊ शकतो. त्यामुळे काकू बरेच दिवस घासत बसतील. लिंबू आणि मीठ चोळून ठेवल्यास डाग फिका होतो, हे त्यांना कोणी सांगू नये.

ग्रिल रंगवायचीच झाली तर दिवाळीच्या आदल्या दिवशी रंगवा, आणि फक्त वरून. गंज खरवडू नका, रंगाखाली झाकून टाका. तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचं, रेड ऑक्साइड प्रायमर मारायचा, मग ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे, तेही पट्टीच्या खालच्या अंगाला आणि वेल्डिंगच्या सांध्यांना न विसरता, हा उद्योग रिकाम्या माणसांचा. पाणी नेमकं त्या सांध्यांत आणि कुंड्यांच्या बुडाशी साचून राहतं, तिथूनच गंज धरतो. पण तिथे खालून वर पाहिल्याशिवाय दिसत नाही, आणि खालून पाहतात त्या काकू.

एकाच माणसापासून सावध राहा: निळीची पुडी घेऊन येणारे सेक्रेटरी. आमच्याकडे ते रविवारी सकाळी ५०३ मध्ये आले आणि त्यांनी निळीचं तांब्याभर पाणी ग्रिलवर ओतलं. वारा पडलेला होता तेव्हा निळे ठिपके काकूंच्या ४०३ मध्ये दिसले. थोड्या वेळाने वारा सुटला आणि ठिपके ४०३ ला ओलांडून थेट ३०३ च्या पापडांवर. पाचव्या मजल्याची भांडणं इतकी वर्षं चौथ्याशी का होत होती, आणि तिसरा बिचारा सातव्याकडे का बघत होता, ते सगळ्यांना कळलं. शिवाय ४०३ च्या भिंतीवरचा सगळ्यात जाड तपकिरी ओघळ मुळीच निळा झाला नाही. तो ४०३ च्याच ग्रिलचा पाय भिंतीत जिथे रोवलाय, तिथून उतरत होता. काकू तेव्हापासून गप्प आहेत. अशी तपासणी सोसायटीच्या शांततेला चांगली नाही.

आणि ३०३ वाल्यांसारखं तर मुळीच वागू नका. त्यांनी बाहेरची दांडी काढली, बाल्कनीच्या आत नायलॉनची दोरी बांधली, पाणी आपल्याच फरशीवर पडून आपल्याच जाळीतून जातं. बाहेरून पाहिलं तर त्या घरात कोणी कपडे धुतं की नाही, शंकाच यावी.

परवा मी आमच्या पांढऱ्या चादरीवर एक तांबूस थेंब पाहिला. मान वर केली, तर ७०३ ची गोधडी ठिबकतेय. मी लगेच फोटो काढला, थेंबाभोवती लाल गोल केला, बाण काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "नोटीस लावून काय उपयोग?" दहा जणांनी अंगठा दिला. त्यातला पहिला ४०३ चा होता.