साठ वह्या, एकच उत्तर

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकमित्रहो, साठ विद्यार्थ्यांचे साठ गृहपाठ यावेत आणि एक वाचला की उरलेले एकोणसाठ वाचावे लागू नयेत, अशी आपली इच्छा असेल, तर 'सरासरी व मध्यक यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न मुळीच बदलू नका. त्याचे उत्तर चॅटजीपीटीसारखे यंत्र एका दमात लिहून देते, आणि उदाहरणातला तो कोट्यधीश शेजारीही दरवर्षी न चुकता हजर असतो.

काही उत्साही सहकारी मात्र विद्यार्थ्यांना घरच्या वीजमीटरचे रीडिंग सलग आठ सकाळी टिपायला लावतात. रोज मीटरचा फोटो आणि त्या दिवशी घरात काय घडले याची एक ओळ मागतात, आणि वीसपैकी आठ गुण या कच्च्या नोंदींनाच देऊन टाकतात. अशाने घोळ होतो. समजा, एका मुलीचा सोमवारपासूनचा रोजचा वापर ६, ५, ७, २, ६, १४ आणि ६ युनिट निघाला. गुरुवारी देखभालीसाठी दिवसभर वीज बंद होती आणि शनिवारी पाहुणे आले होते, असे तिने लिहिले आहे. त्याच गल्लीतल्या दुसऱ्याचा गुरुवारही नेहमीसारखा सहा युनिटांचा असेल, तर निदान 'इन्व्हर्टर होता का?' एवढे तरी विचारावे लागते. घरबसल्या रचलेले आकडे असेच गुळगुळीत असतात. त्यांना पाहुणेही येत नाहीत आणि त्यांची वीजही जात नाही.

एवढ्यावर हे लोक थांबत नाहीत. आकडे खरे असले तरी विवेचन यंत्राकडून लिहून घेता येते, हे ठाऊक असल्यामुळे ते प्रत्येकाला चार मिनिटे समोर बसवतात आणि विचारतात, "चौदाच्या जागी चुकून एक्केचाळीस लिहिले असते, तर काय बदलले असते?" स्वतः आकडेमोड केलेली मुलगी सांगते की मध्यक सहावरच राहील आणि सरासरी साडेसहाच्या आसपासची साडेदहाच्या जवळ जाईल. दुसऱ्याने कितीही सुबक अहवाल आणलेला असो, तो छताकडे पाहतो. वसतिगृहात मीटर सामायिक असल्याने तिथल्या मुलांसाठी खानावळीतल्या जेवणाऱ्यांची मोजणी असा वेगळा विषयही शोधावा लागतो. शिवाय साठ जणांचे चार तास!

त्यापेक्षा यंत्राचे लेखन ओळखणारे सॉफ्टवेअर आणावे. ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये तसे साधन काढले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित इंग्रजी मजकुरापैकी २६ टक्केच अचूक ओळखला, माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर यंत्राच्या नावावर घातला, आणि जुलैमध्ये ते मागे घेतले गेले. साठांच्या वर्गात ९ टक्के म्हणजे जेमतेम पाच-सहा प्रामाणिक मुले. आपले चार तास वाचत असतील, तर तेवढी खुशाल नापास करावीत.