मोकळा ब्रीफ आणि संत्रा बर्फीचा बॉक्स

«अनुभवी डिझायनरला ब्रीफ मोकळाच द्यावा. ग्राहक कोण, संदेश कोणता, काय घालायचंच, हे सगळं लिहून दिलं की त्याची कल्पकता मारली जाते. ‘प्रीमियम पण घरगुती’ एवढं सांगितलं तरी तो समजून घेतो, आणि राहिलेलं दोन-तीन करेक्शनमध्ये निघून जातं.»

या मतातील एकेक विधान तपासण्यासाठी नागपुरातील एजन्सीकडे सहज येऊ शकेल असे एक काम घेऊ. मिठाईच्या दुकानाला संत्रा बर्फीचा अर्ध्या किलोचा नवा बॉक्स हवा आहे आणि मालकाकडून आलेला ब्रीफ, म्हणजे डिझायनरला द्यायच्या सूचनांचा मजकूर, असा आहे: ‘सर्व वयोगट, फॅमिली, टुरिस्ट. ताजी, शुद्ध, नागपूरची शान. लुक प्रीमियम पण घरगुती. लोगो मोठा, रंग केशरी. अर्जंट.’

पहिला मुद्दा समजून घेण्याचा. या मजकुरातून डिझायनर काहीतरी समजून घेईलच, पण ती त्याची अटकळ असेल. मालकाच्या मनातील चित्र वेगळे असेल, आणि दोघांनाही आपापले चित्र ब्रीफशी जुळणारेच वाटेल. ‘सर्व वयोगट, फॅमिली, टुरिस्ट’ या ओळीने कोणालाच वगळलेले नाही, म्हणून तिच्यावरून कोणताही निर्णय घेता येत नाही. ब्रीफचे संपादन करताना मालकाला विचारावयाचा प्रश्न असा की हा बॉक्स नेमका कोणाच्या हातात पडतो. पावशेर सुटी बर्फी घरी नेणारा नागपूरकर या बॉक्सचा ग्राहकच नाही, असे उत्तर आले तर ओळ अशी लिहिता येते: ‘नागपूरहून रेल्वेने किंवा विमानाने परतणारा, नातेवाइकांसाठी अथवा ऑफिसातील सहकाऱ्यांसाठी भेट म्हणून बर्फी घेणारा माणूस, तो काउंटरसमोर उभ्यानेच, घाईत निवड करतो, बॉक्स उघडणारी व्यक्ती दुसरीच असते आणि तिने दुकान पाहिलेले नसते.’ शेवटच्या वाक्यखंडाने डिझायनरला एकदम कळते की झाकणाने विक्री करायची आहे आणि आतल्या बाजूने ओळख करून द्यायची आहे. ही माहिती त्याला कल्पकतेच्या बळावर मिळाली नसती, कारण ती फक्त दुकानदाराजवळ होती.

दुसरा मुद्दा संदेशाचा आहे आणि माझ्या मते सारे प्रकरण इथेच अडते. ‘ताजी, शुद्ध, नागपूरची शान’ हे तीन संदेश आहेत. त्यांपैकी ‘ताजी’ तर बर्फीवर वापरताच येत नाही. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या 2018 च्या नियमांनुसार, धुणे, सोलणे, कापणे, थंड ठेवणे अशा मर्यादित प्रक्रियांपलीकडे काही केले नसेल, तरच पदार्थाला ताजा म्हणता येते. खव्यात आटवलेली बर्फी त्यात बसत नाही. ‘शुद्ध’ या शब्दालाही त्याच नियमांत अटी आहेत. ‘नागपूरची शान’ कोणतेही दुकान लिहू शकते, त्यामुळे त्यातून ग्राहकाला निवडीचे कारण मिळत नाही. मालकाशी बोलल्यावर असे कळले की या बर्फीत केवळ इसेन्स नसून संत्र्याचा गर घातला जातो, तर एकमेव संदेश हाती आला: ‘ही बर्फी संत्र्याच्या गरापासून केलेली आहे.’ वाक्य एकच, दावा एकच, आणि तो घटकयादीवरून पडताळता येतो. अशा वाक्यात ‘आणि’ आला की दुसरा संदेश शिरला का, हे तपासावे. शिरला असेल तर दोहोंपैकी कोणता सोडायचा हे मालकाने ठरवायचे असते, डिझायनरने नव्हे.

आता अनिवार्य घटकांकडे पाहू, कारण ते या संदेशाला बांधलेले आहेत. शब्दांनी किंवा चित्राने एखाद्या वैशिष्ट्यपूर्ण घटकावर भर दिला, तर त्या घटकाचे प्रमाण टक्क्यांत देणे 2020 च्या लेबलिंग नियमांनी बंधनकारक केले आहे. म्हणजे झाकणावर संत्र्याची फोड काढण्याचा निर्णय झाला की मागच्या बाजूला गराची टक्केवारी आली, आणि ती टक्केवारी कारखान्यातूनच यावी लागते. ब्रीफमध्ये ती नसेल तर डिझायनर एक तर जागा सोडायला विसरेल किंवा ऐन वेळी ती कोपऱ्यात कोंबेल.

यादी लिहिण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा राहून जातो: बॉक्स आधीच भरून सील केलेला असेल की ग्राहकासमोर काउंटरवर भरला जाईल? सुट्या मिठाईसाठी ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख ट्रेपाशी लावण्याचा नियम ऑक्टोबर 2020 पासून आहे. सीलबंद बॉक्सवर मात्र पूर्ण लेबल लागते. आपला बॉक्स सीलबंद आहे असे धरले, तर ‘लोगो मोठा’ या सूचनेच्या जागी ब्रीफमध्ये तयार मजकूर हवा: पदार्थाचे नाव, घटकयादी, दुधाविषयीची ॲलर्जीची सूचना, पोषणतक्ता, चौकटीतील हिरवा ठिपका, एफएसएसएआयचे चिन्ह व 14 अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि ग्राहक संपर्क. बॅच क्रमांक व तारखा छापून येणार नसतील, तर शिक्क्यासाठी कोरी जागा किती मिलिमीटरची, हेही लिहावे. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे आवश्यक आहे आणि मराठी तिच्या जोडीला देता येते, म्हणून दोन भाषांची जागा आरंभापासूनच धरावी लागते. यातील एकाही ओळीने डिझायनरच्या कल्पनेला धक्का लागत नाही.

कल्पकतेविषयीच्या आक्षेपात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. ‘रंग केशरी’, ‘लोगो मोठा’ यांसारख्या ओळी डिझायनरचे काम स्वतःच करून टाकतात. त्या तशाच ठेवू नयेत; त्यांच्यामागचे कारण शोधून ते लिहावे. लोगो मोठा का, तर दुकानाचे नाव काउंटरच्या पलीकडून वाचता यावे म्हणून. ब्रीफमध्ये हीच गरज लिहिली की ती आकाराने, रंगभेदाने की मोकळ्या जागेने भागवायची, हे डिझायनर ठरवतो. केशरी रंगामागे कारण सापडले नाही, तर ती ओळ काढून टाकावी.

सुराबाबत ‘प्रीमियम पण घरगुती’ ही जोडी निरुपयोगी आहे, कारण सोनेरी फॉइलचा बॉक्स आणि कागदी पिशवीसारखा बॉक्स हे दोन्ही तिच्यात बसवता येतात. सूर ठरवण्यासाठी विशेषणापेक्षा नमुन्याची ओळ उपयोगी पडते: ‘पाहुण्याशी बोलावे तसे शांत, आदरार्थी, बढाई नाही, उद्गारचिन्ह नाही. चालेल: “संत्र्याच्या गराची बर्फी, नागपूरहून आपल्यासाठी.” चालणार नाही: “खाऊन तर बघा, वेडे व्हाल!”’ या दोन नमुन्यांमधील फरक वाचून डिझायनरला टंक व चित्रशैली यांची दिशा मिळते, आणि पुढे मालकाला ‘हे बरोबर वाटत नाही’ असे म्हणावेसे वाटले तर नेमके काय खटकते ते याच ओळींकडे बोट दाखवून सांगता येते.

राहिला दोन-तीन करेक्शनचा मुद्दा. एखादा शब्द किंवा रंगछटा करेक्शनमध्ये सुधारते, हे खरे. पण संदेश बदलला की झाकणावरचा क्रमच बदलतो, आणि अनिवार्य मजकूर वाढला की बॉक्सच्या बाजूंची मापे अपुरी पडू शकतात. तोवर छपाईच्या प्लेट आणि कटिंगची डाय तयार झाली असेल तर त्या पुन्हा कराव्या लागतात आणि तो खर्च कोणी सोसायचा यावर वाद होतो. म्हणून ब्रीफ डिझायनरकडे पाठवण्यापूर्वी या कामाशी संबंध नसलेल्या दोघांना तो वेगवेगळा वाचायला द्यावा, आणि ग्राहक कोण व संदेश कोणता हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर ती ओळ पुन्हा लिहून मालकाची लेखी संमती घ्यावी आणि मगच ब्रीफ पुढे पाठवावा.