लेकरं जाऊ द्या: शाळेसमोरच्या पाटीवर रक्त का नको

"शाळेजवळच्या झेब्रा क्रॉसिंगला गोडगोड घोषणा लिहून काही होत नाही. रक्ताळलेलं दप्तर दाखवा, यंदा किती जण मेले तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. धक्का बसला की गाडी आपोआप हळू होते. चांगलं जळजळीत वाक्य एकदा रंगवलं की काम झालं."

हा मजकूर आमच्या शिक्षकांच्या गटात महिनाभरात तीनदा आला. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. मी लातूर जिल्ह्यात राज्यमार्गाला लागून असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आणि आमच्या फाटकासमोर असा बोर्ड लागून गेला आहे. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी दप्तराच्या चित्राबद्दल. आमच्याकडे नेमकं तेच चित्र होतं. गाडीवाला त्याच्यासमोरून दोन-तीन सेकंदांत निघून जायचा. लेकरं मात्र रोज दोन वेळा त्याच्याखाली उभी राहायची. पंधरा दिवसांत दुसरीतली एक मुलगी झेब्रा पट्ट्यांवरून यायचीच बंद झाली. चित्र दिसू नये म्हणून ती पलीकडच्या वळणावरून पळत रस्ता ओलांडायची, जिथे येणारी गाडी तिला दिसत नाही आणि गाडीवाल्याला ती दिसत नाही. तिच्या आजीने सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. बोर्ड त्याच दिवशी उतरवला. ज्या पाटीमुळे लेकरू सुरक्षित जागा सोडतं, ती पाटी धोका वाढवते. शाळेजवळच्या घोषणेचा सगळ्यात नेमाने वाचणारा वाचक लेकरूच असतो, हे लिहिण्याआधी धरून चालायला हवं.

मृत्यूच्या आकड्याचं तर मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात महामार्गांवरच्या विजेच्या फलकांवर दर महिन्याच्या एका आठवड्यात त्या वर्षीच्या रस्ते-मृत्यूंचा आकडा दाखवला जायचा आणि बाकीच्या आठवड्यांत नाही. त्यामुळे त्याच रस्त्याची त्याच रस्त्याशी तुलना करता आली. जोनाथन हॉल आणि जोशुआ मॅडसन यांनी ती केली आणि २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. आकडा दिसायचा त्या आठवड्यात फलकापुढच्या १० किलोमीटरमध्ये अपघात ४.५ टक्क्यांनी जास्त झाले. आकडा जितका मोठा तितकी वाढ मोठी, आणि जिथे रस्ता गुंतागुंतीचा तिथे परिणाम जास्त वाईट. त्यांनी लावलेला अर्थ असा, की असा मजकूर मनात घुसतो आणि त्या क्षणी रस्त्यावर हवं असलेलं लक्ष खाऊन टाकतो. ते महामार्ग होते, शाळेचं फाटक नव्हतं, हे मान्य. पण आमच्या फाटकासमोर सकाळी पावणेदहाला काय असतं ते बघा. काळी-पिवळी थांबलेली, दुचाकीवरून उतरणारी लेकरं, हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. इथे गाडीवाल्याचं अर्धं मन पाटीवर अडकणं परवडत नाही.

आता 'आपोआप' या शब्दाकडे येतो, कारण खरी गोम तिथेच आहे. गाडी हळू व्हायची तर आधी पाटी वाचावी लागते, वाचायला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजता येतो.

ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. लेकरू दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे साधारण १७ मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी १० मीटर. झाले २७. पाटीच्या अक्षराच्या दर अडीच सेंटीमीटर उंचीमागे वाचनाचं अंतर ढोबळमानाने ९ मीटर मिळतं. म्हणजे १० सेंटीमीटरचं अक्षर ३६ मीटरवरून वाचता येईल. पाटी पट्ट्यांपाशीच असेल तर ३६ मधून २७ गेले, उरले ९ मीटर. एक सेकंदसुद्धा नाही. एवढ्यात 'तुमच्या बेफिकिरीने कुणाची कूस उजाड होईल' हे वाक्य कोण वाचणार? वाचलं तरी करायचं काय, ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तेच अक्षर २० सेंटीमीटरचं केलं तर ७२ मीटरवरून दिसतं आणि ४५ मीटर, म्हणजे चार सेकंद, हातात राहतात. उंची मोजताना शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजावी, वेलांट्या आणि उकार धरू नयेत. पेंटर ते धरतो आणि अक्षर बारीक निघतं.

म्हणून आम्ही पाटी पट्ट्यांच्या ४० मीटर अलीकडे, दोन्ही बाजूंना लावली. पिवळ्यावर काळी अक्षरं, फक्त चार शब्द: 'थांबा, लेकरं जाऊ द्या'. पहिल्या शब्दात गाडीवाल्याने काय करायचं ते आलं, पुढच्या तिनांत कशासाठी. 'विद्यार्थी' लिहायचं असं आधी ठरलं होतं, पण आमच्याकडे घरात 'लेकरं'च म्हणतात, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या घरीही तेच म्हणतात.

ट्रॅक्टरसाठी ही पाटी पुरत नाही, हेही सांगतो. वरचा हिशोब हलक्या गाडीचा आहे. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागून ढकलत असतात तेव्हा थांबायला कितीतरी जास्त रस्ता लागतो. हंगामापुरती १०० मीटरवर 'पुढे शाळा' एवढीच आणखी एक पाटी लावतो.

काहींनी सुचवलं की घोषणा थेट पट्ट्यांच्या मधल्या काळ्या जागेत रंगवा. ते करू नये. पांढरा पट्टा साधारण अर्धा मीटर आणि तेवढंच काळं अंतर, या फरकामुळेच क्रॉसिंग लांबून ओळखू येतं. मध्ये रंग भरला की तो ठळकपणा जातो, आणि पावसात साध्या ऑइलपेंटवरून दुचाकी घसरते. लाल किनारीच्या त्रिकोणातला शाळेचा अधिकृत फलक झाकू नये, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा करू नये. रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर पाटीसाठीही त्यांचं पत्र घ्यावं.

राहिला 'एकदा रंगवलं की' हा भाग. त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्याला काही आठवड्यांनी पाटी दिसेनाशी होते, मग ती भीतीची असो की मायेची. हे तपासायला रडार लागत नाही. पट्ट्यांच्या अलीकडे ५० मीटर टेपने मोजून कडेला चुन्याच्या दोन खुणा करा आणि शेतातल्या बांधावरून, गाडीवाल्याला दिसणार नाही असं उभं राहून, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. तीन सेकंद लागले तर वेग ताशी ६०, साडेचार तर ४०, सहा तर ३०. पाटी लावण्याआधी दोन दिवस, लावल्यावर दुसऱ्या आठवड्यात आणि तीन महिन्यांनी, शाळा भरण्याच्या त्याच वेळेला मोजा. काम मोठ्या माणसाने करावं, लेकरांना रस्त्याकडेला बसवू नये.

तिसऱ्या मोजणीत वेळ पुन्हा कमी भरू लागला तर पाटीचे शब्द आणि रंग बदला. आम्ही जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर बदलतो. बदलूनही आकडे तेच राहिले, तर तिथे शब्दांचं काम संपलं. मग पट्टेच उंचवट्यावर घेण्यासाठी, म्हणजे सपाट माथ्याच्या गतिरोधकावर झेब्रा करण्यासाठी, मोजणीच्या वहीसकट बांधकाम खात्याकडे अर्ज करावा लागतो. आमचा अर्ज मार्चमध्ये गेला आहे. सोबत दोन्ही बाजूंच्या वेळांचा तक्ता जोडला आहे, कारण लातूरकडून येणाऱ्या गाड्या हळू झाल्या, उताराकडून येणाऱ्या झाल्या नाहीत.