तक्रारीतला 'हलगर्जीपणा' हा शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "ताई, तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. ज्याचं माणूस गेलं त्याला तुम्ही 'हलगर्जीपणा' हा शब्द खोडायला सांगता. माझे वडील दीड वर्षापूर्वी ऑपरेशननंतर गेले. डॉक्टर चुकला तर चुकला म्हणायचं नाही का? कौन्सिलमध्ये बसलेलेही डॉक्टरच. अशी मिळमिळीत तक्रार त्यांच्या पथ्यावरच पडणार."

सप्रेम नमस्कार.

वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटले. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीतून 'हलगर्जीपणा' हा शब्द खोडा, हे लेखातले वाक्य मी फार कोरडेपणाने लिहिले होते, हे मला मान्य आहे. पण तो सल्ला मी मागे घेत नाही. त्यामागे आमच्या घरात घडलेली एक गोष्ट आहे. लेखात मी ती दोन ओळींत उरकली होती, ती येथे नीट सांगते.

14 मे 2019 रोजी माझ्या आईची पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीतून होईल, दोन दिवसांत घरी जाल, असे सांगितले होते. प्रत्यक्षात पोट उघडावे लागले आणि आई 1 जूनला घरी आली. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलसाठी माझ्या भावाने तक्रारीचा सहा पानांचा मसुदा लिहिला. त्यात 'हलगर्जीपणा' अकरा वेळा होता, 'पैशासाठी' चार वेळा होता. संमतीपत्राचा उल्लेख मात्र पाचव्या पानावर, तोही ओझरता. ओळखीच्या एका वकिलांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला : "यातलं कुठलं वाक्य डॉक्टरांना नाकारताच येणार नाही?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया मध्येच थांबवून पोट उघडणे हा पुष्कळदा सुरक्षिततेसाठी घेतलेला योग्य निर्णय असतो. आम्ही त्याला हलगर्जीपणा म्हटले असते, तर डॉक्टरांनी चिकटलेले अवयव, रक्तस्राव, दिसण्यातली अडचण ही कारणे दिली असती आणि सारी सुनावणी त्याच प्रश्नाभोवती फिरली असती. त्यावर बोलायला तज्ज्ञाचे लेखी मत लागते आणि ते आमच्याकडे नव्हते. तुम्ही म्हणता तसे तिथे डॉक्टरच बसतात, म्हणून तर ही काळजी अधिक घ्यावी लागते. शस्त्रक्रियेतली गुंतागुंत त्यांच्या रोजच्या अनुभवातली असल्याने तिथे संशयाचा फायदा सहज दिला जातो. मात्र उपचारांचे कागद मागणारा अर्ज कोणत्या दिवशी पोचला आणि ते कागद कोणत्या दिवशी मिळाले, हे ठरवताना अनुभवाचा प्रश्न येत नाही.

डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे 2002 चे विनियम आजही लागू आहेत. 2023 मध्ये आलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागदपत्रे मागितली, तर ती 72 तासांत द्यावी लागतात आणि न देणे हे त्याच विनियमांनुसार गैरवर्तन ठरते. आमचा अर्ज 3 जून 2019 रोजी सकाळी रुग्णालयात पोचला आणि आवक शिक्क्याची प्रत आमच्याकडे होती. "फाइल रुग्णालयाच्या मालकीची आहे" असे उत्तर तोंडी मिळाले, पण मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात हा मुद्दा रुग्णाच्या बाजूने निकाली काढला होता. अर्ज आम्ही रुग्णालयाच्या आणि डॉक्टरांच्या अशा दोघांच्या नावे केला होता, कारण कौन्सिलचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरवर चालतो, रुग्णालयावर नाही. कागद हाती आले ते 10 जुलैला. म्हणजे 72 तासांऐवजी 37 दिवस.

आणि त्या कागदांतच खरी गोष्ट सापडली. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आईने सही केल्यावर भावाने संमतीपत्राचा फोनवर फोटो काढला होता, तो केवळ विम्यासाठी लागेल म्हणून. त्या फोटोत 'प्रस्तावित शस्त्रक्रिया' या रकान्यात एकच ओळ आहे आणि तिच्याखाली दोन बोटे मावतील एवढी जागा मोकळी आहे. जुलैत मिळालेल्या प्रतीत त्याच जागी, आईच्या सहीच्या वरच्या टोकाला अक्षरे चिकटवून, दुसरी ओळ आहे : 'गरज पडल्यास पोट उघडून'. सही तीच, तिथला शाईचा डागही तोच.

भावाला लिहायचे होते, 'डॉक्टरांनी खोटा कागद तयार केला'. शेवटी आम्ही असे लिहिले : '14 मे रोजी सकाळी 8 वाजून 40 मिनिटांनी काढलेल्या छायाचित्रात (जोडपत्र 3) ही ओळ नाही. 10 जुलै रोजी दिलेल्या प्रमाणित प्रतीत (जोडपत्र 4) ती आहे. ती कोणी व केव्हा लिहिली, हे आम्हांस ठाऊक नाही. मूळ संमतीपत्र मागवून पाहावे, ही विनंती.' तुम्हाला हे मिळमिळीत वाटेल. पण कोणी लिहिले ते आम्ही पाहिले नव्हते, आणि तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र द्यायचे होते. न पाहिलेली गोष्ट शपथेवर कशी सांगणार? शिवाय आम्ही डॉक्टरांवर बोट ठेवले असते, तर त्यांनी 'हे अक्षर माझे नाही' एवढेच सांगून विषय संपवला असता. आमच्या वाक्यानंतर मात्र खुलासा त्यांनाच करावा लागला, कारण शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घेण्याचे कर्तव्य विनियमांनी त्यांच्यावरच टाकलेले आहे.

फोटोबाबत एक धोका आम्ही थोडक्यात टाळला. भावाने तो व्हॉट्सअॅपवर मला पाठवला होता आणि जागा रिकामी करण्यासाठी फोनमधून काढून टाकणार होता. असा पाठवलेला फोटो आकाराने लहान केला जातो आणि काढल्याची वेळ सांगणारी माहिती त्यातून निघून जाते. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहिली, म्हणून 8.40 ही वेळ आम्हाला दाखवता आली.

निकाल लागला तो 2022 मध्ये. सहा महिन्यांत निर्णय व्हावा असे विनियमांत आहे, पण आम्हाला तीन वर्षे वाट पाहावी लागली. मध्ये करोनाही होता. कागद उशिरा देणे आणि संमतीपत्रातील फरक या दोन्ही मुद्द्यांवर डॉक्टरांना लेखी ताकीद मिळाली. नाव नोंदवहीतून काही काळ काढले जावे अशी आमची अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही, आणि त्याचा राग मला आजही आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातील कलम 30 मध्ये वर दाद मागण्याचा उल्लेख डॉक्टरापुरता आहे, रुग्णाचा नाही. ही त्रुटी मला अन्यायाची वाटते. नुकसानभरपाई तर कौन्सिल देतच नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते आणि तिथली मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असते. तुमचे दीड वर्ष झाले आहे, म्हणून वकिलांना याच आठवड्यात भेटा.

वडिलांच्या उपचारांत चूक झाली असे तुम्हाला वाटत असेल, तर ते जरूर लिहा. फक्त ते कशावरून वाटते तो कागद त्याच वाक्यात असू द्या. आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन आहे, म्हणजे फाइल अजून तिथे असायला हवी. अर्जात 'संपूर्ण फाइल' एवढेच लिहू नका. केसपेपर, परिचारिकांच्या तासातासाच्या नोंदी, भूलतज्ज्ञाची नोंद, शस्त्रक्रियेचे टिपण, संमतीपत्रे आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला असे एकेक नाव लिहा. वारस म्हणून आपले नाते नमूद करा, दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी पोचपावतीसह टपालाने पाठवा. कागद आले की मला कळवा. परिचारिकांच्या नोंदी आणि डॉक्टरांचे टिपण यांतल्या वेळा आपण एकत्र बसून ताडून पाहू.